आठवडा आवळताना : कसोटी, न्याय आणि परतीची वाट

राजस्थानच्या राज्य शासनाच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा २००८ साली आला. जयपूरच्या सचिवालयातील कारकून तेव्हापासून सकाळी साडेनऊला टेबलाशी बसतो व सायंकाळी सहाला उठतो. शनिवार त्याचा स्वतःचा असतो. केंद्र शासनाच्या कचेऱ्यांत हीच पद्धत जून १९८५ पासून आहे, आणि महाराष्ट्र शासनाने ती २९ फेब्रुवारी २०२० पासून स्वीकारली. आता हा विषय कचेरीच्या टेबलावरून कारखान्याच्या यंत्रापाशी आला आहे. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आल्या. त्यानंतर डिसेंबरमध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने खुलासा केला की, आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहील, परंतु हे तास रोज बारा याप्रमाणे चार दिवसांत पुरे करण्यास मोकळीक आहे व उरलेले तीन दिवस पगारी सुटीचे असतील. तेव्हा जयपूरच्या सीतापुऱ्यापासून पुण्याच्या चाकणपर्यंत नोटीसफलकावर ‘प्रायोगिक तत्त्वावर’ या शब्दांनी सुरू होणारा कागद लागू लागल्यास त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. असा कागद वाचावा कसा व त्यात काय लिहून घ्यावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आठवडा आवळणे आणि आठवडा कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी रविवारची सुटी मिळविली, तेव्हा कामाचा एक दिवस खरोखरच वजा झाला. आवळलेल्या आठवड्यात मात्र दिवस वजा होतो आणि त्याचे तास उरलेल्या दिवसांवर वाटले जातात. महाराष्ट्राचा २०२० चा निर्णय या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. त्यापूर्वी दुसरा व चौथा शनिवार सुटीचा होता आणि जेवणाची अर्ध्या तासाची सुटी वगळता रोजचे काम सव्वासात तासांचे होते. नव्या वेळापत्रकात कचेरी पावणेदहाला उघडून सव्वासहाला बंद होऊ लागली, म्हणजे रोजचे काम आठ तासांचे झाले. वर्षाचे कामाचे दिवस सरासरी २८८ वरून २६४ वर आले. पण वर्षाचे तास २०८८ होते ते २११२ झाले. कर्मचाऱ्याला २४ दिवस मिळाले आणि त्याने २४ तास जास्तीचे दिले. चोवीस दिवसांची ये-जा वाचत असेल तर हा सौदा अनेकांना मान्य होण्यासारखा आहे, आणि तो मान्य झालाही. परंतु तो सौदा आहे, बक्षीस नव्हे, आणि त्याचा हिशेब मांडता येतो, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

कारखान्यात हा हिशेब अधिक कठोर होतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, तशीच दिवसाला नऊ तासांचीही होती आणि त्यावरील प्रत्येक तासाला दुप्पट वेतन होते. या दोन मर्यादांचा एकत्र परिणाम काय होत असे, ते पाहावे. पाच दिवस नऊ-नऊ तास काम केले तर ४५ तास भरतात. उरलेले तीन तास मालकाने सोडून तरी द्यावेत, नाही तर त्यांचे दुप्पट वेतन तरी द्यावे, असा तो पेच होता. म्हणजे दिवसाची मर्यादा हीच आठवडा खऱ्या अर्थाने कमी करून घेण्याची पाचर होती. दिवसाची मर्यादा बारापर्यंत सैल केली की ही पाचर निघून जाते. चार दिवस बारा तासांप्रमाणे काम करणारा कामगार जुन्या हिशेबाने रोज तीन व आठवड्याला बारा तासांच्या दुप्पट वेतनास पात्र ठरला असता. मंत्रालयाच्या खुलाशात दैनंदिन तासांवरील कामाला दुप्पट वेतन राहील असे म्हटले आहे. पण तो दैनंदिन आकडा आठ की बारा, हे ज्या त्या कारखान्याच्या नोटिशीत अंकांत लिहिलेले असले पाहिजे. विश्रांतीची वेळ त्या बारा तासांच्या आत धरली आहे की बाहेर, हेही तसेच लिहिलेले असले पाहिजे. या दोन आकड्यांवाचून कोणत्याही प्रयोगाची चर्चा सुरूच होऊ शकत नाही.

येथे जयपूरचाच एक अनुभव आठवतो. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, राजस्थान शासनाने कारखान्यांतील रोजचे काम आठऐवजी बारा तासांपर्यंत नेण्यास तीन महिन्यांसाठी परवानगी दिली. कारण असे सांगण्यात आले की, एका वेळी कमी माणसे कामावर असावीत. जास्तीच्या तासांना वेतन होते, मुदतही होती, तथापि कामाचे दिवस कमी करण्याची अट नव्हती. सहा दिवस बारा तास म्हणजे आठवड्याला ७२ तास होतात. हे आठवडा आवळणे नव्हते, ताणणे होते. मे महिन्यात शासनाला तो आदेश मागे घ्यावा लागला. गुजरात शासनाचे याच प्रकारचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द ठरविले. त्यात जास्तीच्या कामाचे दुप्पट वेतनही नाकारले गेले होते. यातून एक साधी खूण हाती लागते. नोटिशीत रोजचे वाढलेले तास ठळक असतील आणि मिळणाऱ्या सुटीचे वार कोठेच नमूद नसतील, तर तो आवळलेल्या आठवड्याचा प्रयोग नव्हे.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. जयपूरच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत कापड छपाईचा एक कारखाना आहे, अशी कल्पना करा. त्यात १२० कामगार आहेत. त्यांपैकी ९२ जण दिवसपाळीत टेबलांवर, शिलाईत व बांधणीत आहेत. उरलेले २८ जण बॉयलर, जनित्र, सांडपाणी शुद्धीकरण व पहारा अशा आठ जागा अहोरात्र सांभाळतात. हा २८ चा आकडा असा येतो : आठ जागा, रोज तीन पाळ्या, सात दिवस, म्हणजे आठवड्याला १६८ पाळ्या भरावयाच्या, एक माणूस सहा पाळ्या करतो, तेव्हा २८ माणसे. व्यवस्थापनाने दिवसपाळीसाठी पाच दिवसांचा आठवडा जाहीर केला आणि पाळीवाल्यांसाठी ‘सेवेच्या गरजेनुसार’ जुनीच पद्धत ठेवली, तर ९२ जणांना दर आठवड्याला एक दिवस मिळेल व २८ जणांना काहीच नाही. कचेऱ्यांत नेमके हेच घडत आले आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या निर्णयातून रुग्णालये, पोलीस, अग्निशमन यांसारख्या अत्यावश्यक सेवा वगळलेल्या आहेत. एवढेच नव्हे, तर ज्यांना तो लागू आहे त्यांच्यातही शिपायांची वेळ साडेनऊ ते साडेसहा ठेवण्यात आली. कारकुनापेक्षा रोज अर्धा तास अधिक. हा भेद नवा असो वा जुना, २६४ दिवसांत त्याचे १३२ तास होतात, म्हणजे आठ तासांचे सोळाहून अधिक दिवस. साहेबाच्या आधी दार उघडणारा व त्याच्या नंतर लावणारा माणूस हिशेबाबाहेर राहतो, तो असा.

पाळीवाल्यांना न्याय द्यावयाचा तर मार्ग कोणते? आमच्या उदाहरणात तीन आहेत. पहिला मार्ग, त्यांनाही पाच पाळ्यांचा आठवडा देणे. तेव्हा १६८ पाळ्यांना पाचाने भागावे लागते आणि २८ ऐवजी ३४ माणसे लागतात. दुसरा मार्ग, त्यांना एक आठवड्याआड एक जादा सुटी देणे. त्यासाठी ३१ माणसे पुरतात. तिसरा मार्ग बारा तासांच्या पाळ्यांचा. आठ जागा, रोज दोन पाळ्या, सात दिवस, म्हणजे ११२ पाळ्या. माणशी चार धरल्या तर माणसे २८ च. एकही नवी नेमणूक न करता चार दिवसांचा आठवडा दिल्याचे श्रेय घेता येते. म्हणूनच व्यवस्थापनाला हा तिसरा मार्ग प्रिय असतो, आणि म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे.

त्यातील दोष असा. आठ तासांच्या पाळीत एक माणूस आजारी पडला तर त्याच्या आधीचा चार तास थांबतो व नंतरचा चार तास लवकर येतो; दोघांचाही दिवस बारा तासांचा होतो, तो कष्टाचा असला तरी निभतो. बारा तासांच्या पाळीत तीच वाटणी केली तर दोघांचा दिवस अठरा तासांचा होतो, आणि एकाच माणसाला थांबविले तर चोवीस तासांचा. बॉयलरपाशी अठराव्या तासाला उभा असलेला माणूस हा त्याच्या एकट्यापुरता धोका राहत नाही. पाळी लांबली की दुखापतीचा धोका वाढतो, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे. २००६ साली फोकार्ड व लोंबार्डी यांनी अशा अभ्यासांचा मेळ घातला. त्यांच्या अंदाजानुसार आठ तासांच्या पाळीच्या तुलनेत दहा तासांच्या पाळीत हा धोका सुमारे १३ टक्क्यांनी व बारा तासांच्या पाळीत सुमारे २८ टक्क्यांनी अधिक असतो. तेव्हा बारा तासांची पाळी स्वीकारावयाचीच असेल तर बदलीची राखीव माणसे आधी नेमलेली असली पाहिजेत. ‘२८ मध्येच भागते’ हे वाक्य मग टिकत नाही. न्यायाला खर्च आहे, आणि तो आमच्या उदाहरणात तीन ते सहा माणसांचा आहे. प्रयोगाच्या घोषणेत हा आकडा नसेल, तर तो खर्च पाळीवाल्यांच्या झोपेतून वसूल होणार, असे समजावे.

दुसरा प्रश्न कसोट्यांचा. प्रयोग यशस्वी झाला हे ठरविणार कोण आणि कशावरून? अमेरिकेतील यूटा राज्याने २००८ साली आपल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांसाठी सोमवार ते गुरुवार रोज दहा तासांचा आठवडा सुरू केला. इमारती शुक्रवारी बंद राहिल्या म्हणजे विजेची मोठी बचत होईल, हे प्रमुख कारण होते. प्रत्यक्ष बचत अपेक्षेहून बरीच कमी निघाली, आणि शुक्रवारी कचेरी बंद असल्याची नागरिकांची तक्रार वाढत गेली. २०११ मध्ये विधिमंडळाने, गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून, कचेऱ्या पाचही दिवस उघड्या ठेवण्याचा कायदा केला. यात शिकण्यासारखे हे की, कर्मचाऱ्यांना काय वाटले हा प्रश्न निर्णयाच्या वेळी मागे पडला, कारण प्रयोगाची मुख्य कसोटी विजेच्या बिलाची होती. जी कसोटी आरंभी ठरते तिच्यावरच शेवटी निकाल लागतो. म्हणून कसोट्या आरंभीच, आणि दोन्ही पक्षांनी मिळून ठरविल्या पाहिजेत.

कसोट्या फार नकोत, चार पुरतात. पहिली, कामाची : चांगल्या ठरलेल्या नगांची व नाकारलेल्या नगांची आठवड्याची संख्या. दुसरी, अपघातांची. येथे एक चूक सहज होते. एकूण अपघात मोजून तुलना केली तर दिवस कमी झाल्यामुळे आकडा लहान दिसू शकतो. म्हणून अपघात कामाच्या दर हजार तासांमागे मोजावेत, आणि किरकोळ कापण्या-भाजण्यापासून प्रत्येकाची नोंद पाळीच्या कितव्या तासाला घडला या रकान्यासह व्हावी. शेवटच्या दोन तासांचा आकडा चढू लागला की प्रयोगाचे दुखणे तेथेच आहे, हे कळते. तिसरी कसोटी, खऱ्या वेळेची : फाटकावरील नोंदीप्रमाणे माणूस केव्हा आत आला व केव्हा बाहेर पडला, आणि सुटीच्या दिवशी त्याला किती वेळा बोलावले. सुटीचा पाचवा किंवा सहावा दिवस ‘थोडा वेळ येऊन जा’ म्हणून हळूहळू खाल्ला जातो. तो या नोंदीतच पकडता येतो. चौथी, गैरहजेरीची, स्त्रिया व पुरुष यांची वेगवेगळी. साडेनऊ तास कामावर राहणारी स्त्री घरातून निघून परत येईपर्यंत बारा तास बाहेर असते, आणि स्वयंपाकाचे तास कोणत्याही संहितेने आवळलेले नाहीत. सरासरीत हे दडून जाते.

या चारही गोष्टी प्रयोगापूर्वी किमान तीन महिने मोजलेल्या असल्या पाहिजेत, नाही तर तुलना कशाशी करणार? आणि ऋतूचे भान हवे. जयपूरमध्ये डिसेंबरात बारा तास उभे राहणे वेगळे आणि मे-जूनच्या उन्हात, छपाईच्या वाफाऱ्यापाशी उभे राहणे वेगळे. नोव्हेंबर ते जानेवारी असा तीन महिन्यांचा प्रयोग करून त्यावर बारमाही निर्णय घेणे ही फसवणूक आहे, मग ती हेतुतः असो वा नसो. प्रयोग सहा महिन्यांचा असावा आणि त्यात उन्हाळ्याचे दोन महिने यावेत.

तिसरा व सर्वांत दुर्लक्षित प्रश्न परतीच्या वाटेचा आहे. कामाचे तास व विश्रांतीच्या वेळा बदलावयाच्या तर मालकाने २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती व औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवलेली आहे. पुष्कळ ठिकाणी प्रयोगाच्या नावाखाली ही सूचना टाळली जाते. सूचना न देता सुरू झालेला बदल काही महिन्यांनी ‘प्रचलित पद्धत’ ठरतो, आणि कामगारांनी जुनी वेळ मागितली की आता तो नवा बदल आहे, त्यासाठी नवी बोलणी करा, असे उत्तर मिळते. यावर उपाय एकच : परतीची तरतूद पहिल्याच सूचनेत लिहून घेणे. बेल्जियमच्या २०२२ च्या कायद्याचा नमुना येथे उपयोगी आहे. तेथे पूर्णवेळ कामगार आपले आठवड्याचे तास चार दिवसांत बसविण्याची लेखी मागणी करू शकतो. मालकाने नकार दिला तर कारण लेखी द्यावे लागते. आणि मान्यता जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते. मुदत संपली की ती पुन्हा मागावी लागते. म्हणजे काही न करता बसले तर माणूस जुन्या वेळेवर परत येतो. आमच्याकडील प्रयोगांत नेमके उलट असते. काही न करता बसले तर माणूस नव्या वेळेत कायम अडकतो.

तेव्हा आमच्या कल्पित कारखान्याच्या फलकावर जी घोषणा लागावी तिचा मसुदा असा राहील. प्रयोग १ जानेवारीला सुरू होईल व ३० जूनला आपोआप संपेल; दोन्ही पक्षांच्या सहीने लेखी वाढ झाली नाही तर १ जुलैपासून पूर्वीचे वेळापत्रक लागू राहील व त्यासाठी वेगळ्या सूचनेची गरज राहणार नाही. दिवसपाळी पाच दिवसांची, रोज नऊ तास कामाची राहील. ४५ तासांत ४८ तासांचे वेतन मिळेल. पाळीच्या आठ जागांसाठी तीन नवी माणसे प्रयोगापूर्वी नेमली जातील व प्रत्येक पाळीवाल्याला एक आठवड्याआड एक जादा सुटी मिळेल. त्या सुटीचा वार पंधरा दिवस आधी फलकावर लागेल. सण किंवा राष्ट्रीय सुटी नव्या सुटीच्या वारी आली तर बदली सुटी मिळेल. रजेचा एक दिवस हा पूर्वीइतकाच एक दिवस गणला जाईल, दिवस लांबला म्हणून रजा अधिक कापली जाणार नाही. कोणाही कामगारास प्रकृती, घरची अडचण किंवा वाहतूक या कारणांनी पंधरा दिवसांच्या सूचनेवर जुन्या वेळेत परतता येईल. त्याची जागा, वेतन व ज्येष्ठता अबाधित राहील. चारही कसोट्यांचे आकडे दर महिन्याला फलकावर लागतील. शेवटच्या दोन तासांतील अपघातांचे प्रमाण सलग दोन महिने पहिल्या आठ तासांच्या प्रमाणाहून अधिक राहिले, तर त्या विभागापुरता प्रयोग तेथेच थांबेल.

या मसुद्यात मालकाला परवडणार नाही असे पुष्कळ आहे, असे कोणी म्हणेल. ४५ तासांत ४८ तासांचे वेतन हा मुद्दा निश्चितच वाटाघाटीचा आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तो मान्य होईल असे नाही. ज्या कारखान्यात संघटना दुबळी आहे तेथे कदाचित ४८ तासच पाच दिवसांत बसवावे लागतील, म्हणजे रोज नऊ तास छत्तीस मिनिटे. तेथे त्या जास्तीच्या मिनिटांचे दुप्पट वेतन मागता येते. परंतु मुदत, कसोट्या, पाळीवाल्यांचा वाटा आणि परतीची वाट या चार गोष्टी वेतनाच्या वाटाघाटीत सोडून देण्याच्या नाहीत. कारण त्यांवाचून प्रयोगाचा निकाल काय लागला हे कळण्याची सोयच राहत नाही, आणि वाईट लागला तरी तो बदलण्याची सोय राहत नाही.

नोटीस लागल्यावर पहिल्या आठवड्यात शाखेने करावयाचे काम यावरून स्पष्ट आहे. सुटीचा वार, दैनंदिन तासांचा आकडा, विश्रांतीची वेळ, पाळीवाल्यांसाठी नव्या नेमणुका आणि प्रयोग संपण्याची तारीख या पाच गोष्टी तीत शोधाव्यात. जी सापडणार नाही ती लेखी विचारावी, आणि २१ दिवसांच्या आत विचारावी. दिवसपाळीतील कामगारांना हेही सांगावे लागेल की, त्यांचा शनिवार बॉयलरपाशी उभ्या असलेल्या सोबत्याच्या रविवारातून आलेला नसला, तरच तो त्यांच्याकडे टिकून राहील.